दहा महिन्यांचं लेकरू, सिव्हिअर डिहायड्रेशन आणि सहा तासांचं सलाईन: पेडियाट्रिक नर्सिंगची केस स्टडी

केस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातली आहे, जुलै महिना, पहिला पाऊस होऊन गेलेला, निंदणाचे दिवस. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, नुसतं बाळ, आई आणि आजी म्हणते. मुलगा, वय १० महिने, अंगावरचं दूध चालू, वरचं म्हणजे वरण-भात, बिस्कीट. आई-बाप दोघं वावरात, दिवसभर लेकरू आजीपाशी.

सकाळी ११.२० ला आणलं तेव्हा आई म्हणाली, "दोन दिवसापासून पान्यासारखी हागवण लागली जी, काल रातच्यापासून ओकाऱ्या, सकायपासून मुतलंच नाही." बहुतेक असाइनमेंटमध्ये चीफ कम्प्लेंटच्या रकान्यात 'लूज मोशन्स, व्हॉमिटिंग' एवढं लिहून लोक पुढे जातात, पण या वाक्यातला सगळ्यात कामाचा भाग शेवटचा आहे. लघवी शेवटची कधी झाली हे विचारल्याशिवाय हिस्ट्री पूर्ण होत नाही. आपण विचारलं तर रात्री झोपायच्या आधी लंगोट ओला होता, म्हणजे बारा तासांच्या वर झाले. जुलाब किती वेळा तर "मोजले नाही, पण लुगडं फाडून फाडून लंगोट संपले", याच्यापेक्षा चांगला आकडा घरून मिळत नाही. रक्त नाही, आव नाही, निव्वळ पाणी.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. "दात येऊन रायले त्याले, म्हणून हागते. टाळू बसली व्हती तं तेल भरलं." आता हे ऐकून हसू नका, आजीनं निरीक्षण अगदी बरोबर केलं होतं. टाळू खाली गेलेली तिला आदल्या संध्याकाळीच दिसली, म्हणजे पाणी तेव्हाच बरंच कमी झालं होतं, आपल्या दृष्टीनं ही वेळेची माहिती आहे. फक्त त्यावरचा इलाज तेल नव्हता. आणि पाणी पाजलं की अजून हागते म्हणून रात्रीपासून पाणी बंद, अंगावरचं दूध मात्र आई देत होती पण लेकरू ओढेचना. आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट घरात होतं, ते आजीनं अर्धं एका ग्लासात घोळून चमच्यानं पाजलं, दोन-चार चमचे गेले आणि ओकलं. या अर्ध्या पाकिटाकडे नंतर परत येऊ.

काय दिसलं

बाळ आईच्या खांद्यावर लोंबलेलं. हाक मारली, तळपायावर टिचकी मारली तर डोळे उघडले आणि परत मिटले. डोळे खोल, रडताना अश्रू नाही, जीभ कोरडी, टाळू खाली. चमच्यानं पाणी लावलं तर गिळायचं नाव नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ३ सेकंद तशीच उभी.

चिमटी घेण्याबद्दल थोडं सांगते कारण प्रॅक्टिकलला इथेच गडबड होते. नाभी आणि पोटाची बाजू यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीनं (नखांनी नाही), चिमटी शरीराच्या लांबीच्या दिशेनं, आडवी नाही, आणि नुसती वरची कातडी नाही तर खालचा थर पण उचलायचा. एक सेकंद धरून सोडायची. २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर 'अतिशय हळू', तेवढा नाही पण लगेचही बसली नाही तर 'हळू'. वर हात उंच करून मनगटावर चिमटी काढतात ते चालत नाही.

सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिऊ शकत नाही, चिमटी अतिशय हळू बसते, या चारपैकी दोन असले की सिव्हिअर डिहायड्रेशन. इथे चारही होते. कोरडी जीभ, टाळू, अश्रू हे सगळं लिहा पण वर्गवारी यांच्यावर करू नका.

व्हायटल्स: नाडी १७६, मनगटावर लागते पण बारीक, हातपाय गार, सीआरटी ३ सेकंद, ताप ३७.८, एसपीओटू ९७. श्वास मिनिटाला ५४. आता दोन महिने ते एक वर्ष वयात ५० आणि त्यावर श्वास म्हणजे फास्ट ब्रीदिंग, मग न्यूमोनिया का? आमच्यातल्या एकीनं तसं लिहायला घेतलं पण होतं. नीट उघडं करून पाहिलं तर छाती आत ओढली जात नव्हती, खोकला नाही, आवाज साफ, फक्त श्वास खोल आणि जोरात. जुलाबातून बायकार्बोनेट निघून गेलं की रक्त आम्लयुक्त होतं आणि शरीर ते श्वासावाटे भरून काढतं, तेच चाललं होतं. पडताळा सोपा आहे, सलाईन गेल्यावर श्वास आपोआप खाली येतो का बघायचं. न्यूमोनिया असता तर तसा आला नसता.

ग्लुकोमीटरवर साखर ६८ आली. सुस्त लेकराची साखर बघणं राहिलं तर सुस्ती कशाची हे कळतच नाही, म्हणून ते पहिल्या पाच मिनिटांत.

वजन आणि दंडाची पट्टी

कपडे काढून वजन ७.२ किलो. आईनं पिशवीतून माता-बाल कार्ड आणलं होतं, त्यात पंधरा दिवसांपूर्वी अंगणवाडीत घेतलेलं वजन ८ किलो. म्हणजे ८०० ग्रॅम गेले, ८ किलोचे १० टक्के. लक्षणांवरून जे म्हटलं तेच काट्यानंही सांगितलं. असं कार्ड दर वेळी मिळत नाही आणि दोन काटे सारखेही नसतात, तेव्हा हा आकडा आधाराला घ्यायचा, निर्णय लक्षणांवरच.

सलाईन लावायच्या आधी अजून एक गोष्ट, आणि मेळघाटापासून आपल्या सगळ्या पट्ट्यात ती फार महत्त्वाची आहे: हे लेकरू तीव्र कुपोषित म्हणजे सॅम तर नाही? कुपोषित लेकराचे डोळे तसेही खोल असतात, चरबी नसल्यानं कातडी तशीही हळू बसते, म्हणजे आपली दोन लक्षणं तिथे खोटी पडतात. आणि त्या लेकराचं हृदय एवढं पाणी एकदम झेलू शकत नाही. त्याला शॉक असेल तरच शिरेतून, तेही किलोला १५ मिली एका तासात, नीट नजर ठेवून, सलाईनपण वेगळं, ग्लुकोज असलेलं. शॉक नसेल तर तोंडानं किंवा नळीनं, पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला किलोला ५ मिली, सावकाश.

आता हे ओळखायचं कसं? उंचीच्या मानानं वजन काढाल तर फसाल, कारण पाणी गेल्यामुळे वजन आधीच कमी आलंय, बरं लेकरूही तक्त्यात खाली घसरतं. म्हणून दंडाची पट्टी, तिच्यावर पाणी कमी झाल्याचा परिणाम बराच कमी होतो. ११.५ सेंटीमीटरच्या खाली सॅम. आपल्या बाळाचा दंड १२.७, दोन्ही पावलांवर सूज नाही. झालं, सॅम नाही, प्लॅन सी सुरू. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे पण केस स्टडीत तुम्ही ती लिहिली नाही तर पुढचा सगळा हिशोब कशाच्या जोरावर केला हे कळत नाही.

हिशोब

प्लॅन सी म्हणजे किलोला १०० मिली रिंगर लॅक्टेट. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पहिले ३० मिली एका तासात, उरलेले ७० मिली पाच तासांत. वर्षाच्या वरच्याला तेच अर्ध्या तासात आणि अडीच तासांत. परीक्षेत हे उलटं लिहिणाऱ्या मुली दर वर्षी निघतात. बाळ लहान तर वेळ जास्त, एवढं लक्षात ठेवा.

७.२ गुणिले १०० = ७२० मिली एकूण.
पहिला तास: ७.२ गुणिले ३० = २१६ मिली.
पुढचे पाच तास: ७.२ गुणिले ७० = ५०४ मिली, म्हणजे तासाला १०१.

आता थेंब. लहान लेकरू म्हटलं की हात आपोआप मायक्रो ड्रिप सेटकडे जातो, पण त्यात १ मिलीचे ६० थेंब, म्हणजे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. पहिल्या तासात २१६ थेंब मिनिटाला! मोजून दाखवा कोणी. ती धारच लागते, मग किती गेलं ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून सिस्टरनी साधा सेट घेतला, २० थेंबांचा (पाकिटावर लिहिलेलं असतं, बघून घ्या, सगळे २० चे नसतात). २१६ गुणिले २० भागिले ६० = ७२ थेंब. नंतरच्या पाच तासांना १०१ गुणिले २० भागिले ६० = ३४ थेंब. हे घड्याळ हातात धरून मोजता येतं. मोठ्या सेटचा धोका एकच की रोलर सरकला तर भसकन जातं, म्हणून बाटलीला उभी चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहिली, ११.४० ला इथे, १२.४० ला इथे. इन्फ्युजन पंप असेल तर प्रश्नच नाही, आमच्याकडे होता तो दुसऱ्या बाळाला लागलेला.

रिंगर लॅक्टेटच का? सोडियम रक्ताच्या जवळपास, थोडं पोटॅशियम, आणि लॅक्टेटचं लिव्हरमध्ये बायकार्बोनेट होतं, म्हणजे त्या खोल श्वासावरही इलाज. ते नसेल तर नॉर्मल सलाईन चालतं. नुसतं पाच टक्के डेक्स्ट्रोज नाही चालत, त्यात मीठच नाही, साखर वापरली गेली की नुसतं पाणी उरतं.

शीर सापडायला वेळ लागला. हाताच्या शिरा बसलेल्या, डाव्या हातावर गेली नाही, उजव्या हाताच्या मागच्या बाजूला पिवळा २४ नंबरचा कॅन्युला बसला, त्याच वेळी तपासणीला रक्त काढून घेतलं. ११.४० ला सलाईन चालू. गेलाच नसता तर? तर नाकातून नळी टाकून ओआरएस किलोला तासाला २० मिली, म्हणजे या बाळाला १४४ मिली, सहा तास. पोट फुगलं किंवा सारखं ओकलं तर सावकाश. शिरेच्या नादात अर्धा तास घालवण्यापेक्षा ते बरं, आणि शॉकमधल्या लेकराला डॉक्टर हाडातून लाईन घेतात.

नर्सिंग डायग्नोसिसचा क्रम

इथे माझं स्पष्ट मत आहे. फाईलींमध्ये सात-आठ डायग्नोसिस असतात आणि सगळ्यांना सारखीच जागा, 'पालकांची चिंता' पण अर्धं पान, 'फ्लुइड व्हॉल्यूम डेफिसिट' पण अर्धं पान. या बाळाला पहिले सहा तास एकच डायग्नोसिस होतं, फ्लुइड व्हॉल्यूम डेफिसिट, कारण जुलाब-ओकारी आणि पाजणं बंद, पुरावा म्हणून वजनात १० टक्के घट, चिमटी ३ सेकंद, बारा तास लघवी नाही, नाडी १७६. अपेक्षित परिणामही मोजता येईल असा लिहा: सहा तासांत चिमटी लगेच बसेल, नाडी १४० च्या खाली येईल, लघवी किलोला तासाला निदान १ मिली होईल. 'बाळाला बरं वाटेल' हा गोल होत नाही.

बाकीची दोन पुरतात, लंगोटाच्या जागची कातडी लाल झाली होती ते एक (कोमट पाण्यानं धुवून कोरडं, झिंक ऑक्साईडचं मलम), आणि घरी काय करायचं याची माहिती नसणं हे दुसरं.

सहा तासांत काय झालं

पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, श्वास, हातपाय. १२.४० ला २१६ मिली गेले, नाडी १५२ आणि भरून लागते, पाय कोमट. मनगटाची नाडी अजून अगदी बारीक असती किंवा लागलीच नसती तर तेच २१६ मिली परत एकदा तासाभरात द्यायचे असतात. इथे गरज पडली नाही, ३४ थेंबांवर आणलं.

२.४० ला बाटलीवरची पट्टी बघितली तर दोन तासांत २०२ जायला हवे होते, गेले होते १४०. थेंब तर ३४ लावले होते! झालं असं की बाळ जागं होऊन हात मुडपत होतं, मनगट वाकलं की थेंब थांबायचे, सरळ केलं की चालू. नुसते थेंब एकदा मोजून चार्टवर लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, बाटलीतलं उरलेलं बघणाऱ्यालाच दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा कापसात गुंडाळून हाताखाली बांधला, सुई टोचल्याची जागा सुजली नाही हे बघितलं, डॉक्टरांना सांगितलं. मागे पडलं म्हणून रोलर पूर्ण उघडून भरपाई करायची नसते. उरलेले ३६४ मिली, उरलेले तीन तास, तासाला १२१, म्हणजे ४० थेंब. एवढाच बदल.

तोपर्यंत लेकरू डोळे उघडून बघत होतं, आईला छातीशी लावायला सांगितलं आणि ओढलं त्यानं. मग सलाईन चालू असतानाच ओआरएस, किलोला तासाला ५ मिली, म्हणजे साधारण ३६ मिली, चमच्या-चमच्यानं, आजीच्या हातून. ओकलं तर दहा मिनिटं थांबून परत, अजून हळू. ३.१० ला लघवी झाली. कोरड्या लंगोटाचं वजन आधी करून ठेवलं होतं, ओल्याचं ५५ ग्रॅम जास्त भरलं, १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरायचं. लघवीत जुलाब मिसळला तर हे मोजमाप बाद, तसं चार्टवर लिहा, अंदाजे आकडा टाकू नका. मुलगा असेल तर पिशवी लावता येते, पण या कातडीवर ती चिकटवणं मला पटलं नसतं.

जास्त पाणी गेलं हे ओळखायचं तर पापण्या. सकाळी खोल असलेले डोळे संध्याकाळी पुरीसारखे फुगलेले दिसले की सलाईन थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. सोबत श्वास परत वाढणं, खोकला. आपल्या बाळाला असं काही झालं नाही.

५.४० ला ७२० मिली पूर्ण. परत तीच चार लक्षणं बघितली: जागं आणि खेळतंय, चिमटी लगेच बसते, चमचा दिसला की तोंड पुढे करतं, डोळे थोडे खोल वाटतात. नाडी १२८, श्वास ३६, म्हणजे तो न्यूमोनिया नव्हता. वजन ७.८. चारपैकी दोन लक्षणंही उरली नाहीत म्हणून डिहायड्रेशन नाही, प्लॅन ए वर म्हणजे तोंडानं ओआरएस आणि खाणं-पिणं चालू यावर आणलं, पण लगेच घरी नाही, निदान सहा तास तरी तोंडावाटे पाणी टिकतंय का हे बघायचं असतं. रात्रभर ठेवलं.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला, सोडियम १४७, पोटॅशियम ३.२. पोटॅशियम जुलाबातून जातं, आणि आम्लता सुधारली की रक्तातलं अजून पेशीत शिरतं, त्यामुळे सलाईननंतर ते थोडं अजून उतरू शकतं. नर्सनं बघायचं काय तर पोट फुगतंय का, मान लुळी पडते का, आतड्याचे आवाज आहेत का. इथे पोट मऊ होतं, डॉक्टरांनी ओआरएसच चालू ठेवलं (त्यात पोटॅशियम असतं) आणि सकाळी परत तपासायला सांगितलं, ३.७ आलं. रक्त नसल्यानं अँटिबायोटिक दिलं नाही आणि जुलाब बंद करायचं औषध तर या वयात द्यायचंच नसतं, आतडी थंडावतात, पोट फुगतं आणि पाणी आतच साचतं.

सोडियम १४७ का? आता ते अर्धं पाकीट. मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, त्याच्या अर्ध्याला अर्धा लिटर पाणी पाहिजे. ते २०० मिलीच्या ग्लासात घोळलं म्हणजे अडीचपट तीव्र, सोडियम ७५ च्या जागी १८७. असं पाणी आतड्यात उलट शरीरातलंच पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. आजीनं दोन-चार चमचेच पाजले म्हणून निभावलं, हाच ग्लास दिवसभर चालला असता तर सोडियम कुठल्या कुठे गेलं असतं, आणि तेव्हा पाणी सावकाश भरावं लागतं नाहीतर मेंदूला सूज येऊन झटके येतात. एवढ्या चमच्यांनीच १४७ झालं असं नाही म्हणत, पाणी बंद होतं त्याचाही वाटा आहे.

घरी पाठवताना

शिकवलं आजीला, कारण दिवसभर लेकरू तिच्यापाशी. तिच्याच घरची १ लिटरची पाण्याची बाटली मागवली, उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरायला लावलं, अख्खं पाकीट तिच्या हातून टाकून घोळायला लावलं आणि चव घ्यायला सांगितलं. "अव माय, हे तं आसवासारखं लागते, मी केलं व्हतं ते लय खारं व्हतं." चव हेच तिचं माप, अश्रूंहून खारट लागलं की चुकलं. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा ग्लास, चमच्यानं. अंगावरचं दूध बंद नाही, मऊ वरण-भात तेल टाकून चालू.

दाताबद्दल वाद घातला नाही. दात येताना लेकरू हातात येईल ते तोंडात घालते आणि पावसात ते सगळं घाण असते म्हणून हागते, असं सांगितलं तर आजीला पटलं, आणि ते खरंही आहे.

झिंक २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, १४ दिवस. सहा महिन्यांच्या आतल्याला अर्धी असते, आपल्या बाळाला पूर्ण. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या तिथेच थांबतात, म्हणून आशाताईंना फोन करून सांगितलं की आठवड्यानं गेल्यावर पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा आणि अंगणवाडीत वजन करून कार्डावर चढवा. परत कधी आणायचं ते आईकडून म्हणून घेतलं: पीत नसेल, सुस्त पडलं, शीमध्ये रक्त दिसलं, ताप चढला, किंवा सहा तास लंगोट ओला झाला नाही तर.